गोल्डमधला ड्रोन

माझ्या लग्नाच्या फोटोवाल्याशी पहिल्या भेटीतच माझं बिनसलं. कराडच्या त्याच्या दुकानात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, बसलो होतो. त्यानं पुढ्यात चकचकीत कार्ड ठेवलं. सिल्व्हर पस्तीस हजार, गोल्ड साठ, प्लॅटिनम दीड लाख. गोल्डला लाल चौकट आणि वर ‘सर्वाधिक पसंती’. कुणाची पसंती, ते काही लिहिलं नव्हतं. मला तिथंच शंका आली.

आम्हाला हवा होता व्हिडिओ. भाऊ फौजेत, लडाखला. त्याची सुट्टी नामंजूर झाली होती. बहिणीचं लग्न त्याला दिसणार होतं ते व्हिडिओतच. आणि सिल्व्हरमध्ये नेमका व्हिडिओच नव्हता. तो गोल्डपासून सुरू, तोही ड्रोनसकट.

“प्लॅटिनमचा एखादा अल्बम दाखवा,” मी म्हणाले.

तो घुटमळला. “सध्या दुकानात नाही, ताई.”

“कुणी घेतलंय का कधी?”

“चौकशी करतात.”

म्हणजे दीड लाख नुसते मांडून ठेवलेले, शेजारचे साठ स्वस्त वाटावेत म्हणून. आबांना ते वाटायलाही लागले होते. चाळीसच्या वर जायचं नाही असं मलाच बजावून निघालेला माणूस आता साठाकडे बघून मान हलवत होता.

“ड्रोन काढा आणि सिल्व्हरला व्हिडिओ जोडा. पंचेचाळीस देतो.”

“ताई, तसं केलं तर गोल्ड कोण घेईल?” तो चक्क हसत म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पकडल्यावर माणसानं निदान ओशाळावं तरी!

मी उठले. आबा उठले नाहीत.

“आवं आबा, ह्यो आपल्याला बरोबर मधल्यावर आणून बसवतोय.”

“कळतंय की गं मला. पर पोरगं तिकडं बर्फात हाय. त्याला तुझं लगीन दिसाय नगो व्हय?” मग त्याच्याकडे वळून, “लिही रं, गोल्ड.”

लग्न दारातच होतं. बोहल्यावरूनही माझा डोळा त्या ड्रोनवर. ते यंत्र घरघरत वर गेलं, उसावरून एक फेरी मारून खाली आलं. तेवढ्या वेळात निम्मं वऱ्हाड माना वर करून अक्षता टाकायला विसरलं. पैसे पाण्यात गेले, याची माझी खात्रीच पटली.

व्हिडिओ आला तसा भावाला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

“सप्तपदी नीट दिसली का रं?” मी विचारलं.

“तितवर अजून गेलोच न्हाई. ते वरनं घेतलंय नव्हं, आपलं घर, हीर, ऊस, त्येवढंच परत परत लावतोय. आई दारात उभी हाय बघ. लय बारकी दिसती गं.”

मला रडू फुटलं. पण डोळे पुसता पुसता मनात आलंच, हे त्या फोटोवाल्याच्या कानावर जाता कामा नये. कळलं, तर तो ड्रोन उचलून प्लॅटिनममध्ये टाकेल.