दोन हजारांचं बटण

करीमनगरच्या पासपोर्ट केंद्राच्या समोरच्या गल्लीत अर्ज भरून देणारी अकरा दुकानं आहेत. त्यातलं सातवं भूलक्ष्मीचं. बाकीच्या दहा दुकानांवर विमानांची चित्रं आहेत. हिच्या दुकानावर काळ्या पाटीवर खडूने लिहिलेलं असतं, आणि ती पाटी ती रोज सकाळी पुसून पुन्हा लिहिते, आकडे कालचेच असले तरी.

सरकारी फी, साधा पासपोर्ट : १५००. तत्काळ हवा असेल तर आणखी २०००, तेही सरकारलाच, केंद्रातल्या काउंटरवर स्वतः भरायचे. माझे : ३५०. पोलिसाला : काही नाही.

शेवटच्या ओळीवरून गल्लीत तिची पुष्कळ चेष्टा होते. "अक्का, तुमच्या पाटीमुळे आमच्या पोटावर पाय येतो," असं समोरचा तिरुपती म्हणतो. तो साडेसहा हजार घेतो, सगळं मिळून. "सगळं म्हणजे काय रे?" असं भूलक्ष्मीने विचारलं की तो हसतो. "सगळं म्हणजे सगळं. गिऱ्हाइकाच्या डोक्याला ताप नको, हीच आमची सेवा."

पाटी लिहून झाली की ती राजन्नाच्या तसबिरीपुढे दिवा लावते. वेमुलवाड्याचा राजन्ना, तिच्या माहेरचं दैवत. तसबिरीच्या खाली टेबलाचा खण आहे. दिवा लावताना तिचा हात त्या खणाला लागतो, आणि रोज त्या क्षणी ती डोळे मिटते. लोकांना वाटतं, प्रार्थना करते. प्रार्थना करतेच, पण त्या खणातून कोणीतरी आपल्याकडे बघतंय, असंही तिला दहा वर्षं वाटत आलं आहे.

खणात एक पासपोर्ट आहे. आतल्या एकाही पानावर शिक्का नाही.

दहा वर्षांपूर्वी दुकान तिच्या नवऱ्याचं होतं, राजलिंगमचं. तो बोलायचा आणि पैसे घ्यायचा, ती टाइप करायची. दहावी झालेली होती, इंग्रजी वाचता येत होतं. एका मंगळवारी ओदेलू नावाचा माणूस आला, बांधकामावरचा सुतार. त्याचा धाकटा भाऊ मल्लेशम मस्कतमध्ये परांचीवरून पडून इस्पितळात होता. कंपनी ओदेलूला भेटीचा व्हिसा द्यायला तयार होती. पासपोर्ट मात्र नव्हता. "तत्काळमध्ये काढू. साडेचार हजार, सगळं मिळून," राजलिंगम म्हणाला. ओदेलूने तिथल्या तिथे मोजून दिले.

मग राजलिंगम तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "साधाच टाक. हल्ली तोही लवकर येतो."

पडद्यावर दोन गोल होते. एकापुढे साधा, दुसऱ्यापुढे तत्काळ. तिने वर पाहिलं. ओदेलू बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्याकडेच बघत होता, डॉक्टरकडे बघावं तसा. तिने पहिल्या गोलावर बटण दाबलं.

तत्काळचा पासपोर्ट तीन-चार दिवसांत हातात आला असता, पोलिसाची तपासणी मागाहून झाली असती. साध्याला तपासणी आधी. पोलीस घरी गेला तेव्हा ओदेलू कामावर. दुसऱ्यांदा गेला तेव्हा साक्षीदार शेजारी लग्नाला. एकोणिसाव्या दिवशी मल्लेशम गेला. सव्विसाव्या दिवशी टपालाने पासपोर्ट आला.

त्यानंतर ओदेलू एकदाच दुकानात आला. ओरडला नाही. पासपोर्ट टेबलावर ठेवला, आत केंद्राची पावती घडी करून घातलेली, तिच्यावर 'साधा, १५००'. कोणीतरी ती त्याला वाचून दाखवली असणार. "माझ्या काही कामाचा नाही. ठेवा तुम्ही," एवढं म्हणून तो गेला. राजलिंगम म्हणाला, "येडा आहे. परत येईल न्यायला." तो आला नाही. भूलक्ष्मीने नवऱ्याच्या पेटीतून हजाराच्या दोन नोटा काढून पासपोर्टात ठेवल्या, की पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या गावी जाऊन देऊन यायच्या. बाजाराचे दिवस आले आणि गेले. बसस्टँडपर्यंत ती दोनदा गेली. पुढच्या वर्षी हजाराच्या नोटाच बंद झाल्या. बँकेत बदलून घ्यायला तिचा हात धजला नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्या नावावर कसे भरायचे? नोटा तशाच राहिल्या. चार वर्षांपूर्वी राजलिंगमही गेला. त्याच्या तेराव्यानंतर दुकान उघडलं त्या सकाळी तिने पहिल्यांदा पाटी लिहिली.

आता या सोमवारी दुपारी एक बाई दुकानात आली. पाटीवरच्या आकड्यांवर तिने बोट फिरवलं, मग समोरच्या तिरुपतीच्या दुकानाकडे पाहिलं.

"ते साडेसहा म्हणतात, तुमचे साडेतीनशे. एवढा फरक कशाचा, अक्का?"

"बस आधी. काम काय आहे?"

मुलगी शिरीषा, हैदराबादच्या इस्पितळात नर्स. जर्मनीत नोकरी मिळते आहे, भाषेची परीक्षा पास झाली. चोवीस दिवसांत पासपोर्टाची प्रत पाठवली नाही, तर जागा दुसरीला जाणार.

"साडेसहातले साडेतीन हजार सरकारचे," भूलक्ष्मी म्हणाली. "ते सगळीकडे तेवढेच. उरलेले तीन त्याचे. त्या तीन हजारांत तो काय देतो, ते त्याला विचारायचं."

"विचारलं. म्हणाला, वेळ लवकर मिळवून देतो, पोलिसाचं बघतो."

"वेळ संगणक देतो, मोकळी असेल तशी. पोलिसाला द्यायचं काही नसतंच. पत्ता कुठला लिहायला सांगितला?"

"आधारवर आहे तो. गावाचा."

"आणि पोरगी राहते कुठे?"

"हैदराबादला, वसतिगृहात. दीड वर्ष झालं."

भूलक्ष्मीने पेन खाली ठेवलं. "मग गावाकडे तपासणीला पोलीस येईल आणि विचारेल, शिरीषा कुठे आहे. तू सांगशील, हैदराबादला. तो लिहील, पत्त्यावर राहत नाही. तत्काळचा पासपोर्ट हातात आलेला असला, तरी मागून नोटीस येते. ऐन व्हिसाच्या वेळी. तिच्याकडे हैदराबादच्या पत्त्याचं काही आहे?"

"बँकेचं पासबुक. पगार त्यात येतो. फोटो पण आहे."

"ते आण. राहायचा पत्ता हैदराबादचा, कायमचा गावाचा. माझे साडेतीनशे या प्रश्नाचे आहेत, अम्मा. अर्ज तर कोणीही भरतं."

बाई थोडं हसली. पिशवीतून कागदांचं पाकीट काढून तिने टेबलावर ठेवलं. वर मुलीच्या दहावीचं प्रमाणपत्र होतं. वडिलांचं नाव वाचताना भूलक्ष्मीचं बोट थांबलं.

ओदेलू.

तिने बाहेर पाहिलं. यादगिरीच्या चहाच्या गाड्यापाशी एक माणूस दुकानाकडे पाठ करून उभा होता. केस पांढरे झालेले, पण खांदे तेच, एक जरा खाली झुकलेला. दहा वर्षं तिने त्याचा तरुण फोटो पाहिला होता. तो म्हातारा होत असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"तू स्वरूपा," ती म्हणाली. खणातल्या पासपोर्टावर बायकोचं हे नाव तिने कितीदा वाचलं होतं.

"हो."

"तुला माहीत होतं, दुकान कोणाचं ते?"

"त्यांनीच पाठवलं. मी म्हटलं, त्या दुकानात परत कशाला? तर म्हणाले, तिच्याकडेच जा. ती बाई आता चूक करणार नाही."

यातून सुटणं सोपं होतं. भूलक्ष्मी म्हणू शकत होती, माझे साडेतीनशे नकोत, सगळंच मी भरते. ते शब्द तोंडाशी आलेही. पण फुकट काम केलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, हे तिने नवऱ्याजवळ बसून पाहिलं होतं. तिने खण उघडला.

"हा त्यांचा. आणि एक सांगायचं आहे. तुम्हाला वाटत असेल, माझ्या मालकांनी केलं. बटण मी दाबलं होतं."

स्वरूपा पासपोर्टाकडे बघत राहिली. "मालकांनी सांगितलं असेल."

"सांगितलं होतं. पण मला वाचता येत होतं."

समोर तिरुपती कोणाला तरी 'सगळं मिळून' समजावत होता, ते ऐकू येत होतं. स्वरूपाने पासपोर्ट उघडला. नवऱ्याचा तरुण चेहरा पाहिला, मग दोन बंद नोटा बोटांत धरल्या.

"या कशाच्या?"

"तत्काळचे दोन हजार. सरकारला गेलेच नाहीत ते. द्यायला म्हणून काढले होते. धीर झाला नाही."

"आता याचा चहा पण येणार नाही."

"नाही."

स्वरूपाने नोटा परत पानांत ठेवल्या आणि पासपोर्ट तिच्याकडे सरकवला. "मग आता शिरीषाचा कुठला टाकायचा? साधा चोवीस दिवसांत येईल?"

"येतो पुष्कळदा. आता तपासणी लवकर होते. पण मी शब्द देणार नाही. चोवीस दिवस असतील, तर तत्काळ."

"दोन हजार जास्त."

"हो."

"ते तुमच्याकडे दहा वर्षं आहेत," स्वरूपा शांतपणे म्हणाली. "दीड हजार आणि तुमचे साडेतीनशे मी देते."

भूलक्ष्मीने गल्ल्यातून पाचशेच्या चार नोटा काढून तिच्या हातात दिल्या. "शिरीषाने स्वतः काउंटरवर भरायचे. पावती मागायची. तिथेच वाचायची, बाहेर येऊन नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पासबुक घेऊन शिरीषा आईबरोबर आली. पडद्यावर तेच दोन गोल आले. भूलक्ष्मीने पडदा त्यांच्याकडे वळवला. "तूच दाब, बाळा."

शिरीषा हात पुढे करणार, तर स्वरूपाने तो धरला. "नाही. तुम्हीच दाबा, अक्का. मी बघते."

भूलक्ष्मीने राजन्नाचं नाव घेतलं. कानाशी कोणीतरी वाकल्यासारखं वाटलं, साधाच टाक म्हणून. तिने दुसऱ्या गोलावर दाबलं आणि शब्द मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

शिरीषा केंद्रात जाऊन आल्यावर पाचव्या दिवशी पासपोर्ट हैदराबादच्या वसतिगृहावर आला. स्वरूपाने फोन करून सांगितलं, दोन वाक्यांत. पोलीसही वसतिगृहावर येऊन गेला. शिरीषा तिथे होती.

"आणि त्यांचा जुना?" भूलक्ष्मीने विचारलं. "या महिन्यात त्याची मुदत संपते. नेता का?"

"मी विचारलं त्यांना. म्हणाले, घरात नको. तुमच्याकडेच राहू द्या."

तिने फोन ठेवला. खणातला चेहरा अजून तिशीतला होता, नोटा त्याच्या पानांत होत्या. तिने खण लावला आणि पाटी पुसायला घेतली. आकडे कालचेच होते. तिने ते पुन्हा लिहिले, सावकाश, साधा आणि तत्काळ, दोन्ही वेगवेगळ्या ओळींत.