तिसरं कोटेशन

आमच्या साहेबांना रंगांची फार आवड. आकडा कितीही फुटकळ असो, तो हिरव्या चौकोनात बसला की त्यांचा चेहरा उजळायचा. लाल चौकोनात बसला की त्याची वाट लागलीच म्हणून समजा. अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्याला काचा लावून, दारात चार कुंड्या ठेवून आम्ही त्याला ऑफिस म्हणायचो आणि तिथे बसून छोट्या धंदेवाल्यांच्या सर्चमधल्या जाहिराती चालवायचो. कोणी पेस्ट कंट्रोलवाला, कोणी एसी दुरुस्तीवाला, आणि एक आमचे पंपवाले काका.

काकांचं दुकान विक्रोळीला. पूर्वी एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, व्हीआरएस घेतली आणि सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागले. हाताखाली तीन फिटर, त्यातला एक कारखान्यापासूनचा जोडीदार. मुलुंड, नाहूर, घाटकोपर एवढंच त्यांचं जग. जाहिरातीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण मुलीने आग्रह केला म्हणून आमच्याकडे आले होते. पहिले काही महिने छान गेले. फोन यायचे, फिटर पळायचे, काका खूष होते.

पंप कधी बंद पडतो हे सांगायला पदवी लागत नाही. सोसायटीत सकाळचं पाणी सोडायच्या वेळेला वॉचमन बटण दाबतो, पंप नुसता गुरगुरतो आणि गप्प होतो. मग चौथ्या मजल्यावर कोणाच्या तरी डोक्याला साबण लागलेला असतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरडा सुरू होतो. सेक्रेटरी बर्म्युडा घालून खाली येतो, पंपरूमच्या दारात उभा राहून मोबाईलवर 'पंप रिपेअर' शोधतो आणि वर जो नंबर दिसेल तो लावतो. तो फॉर्म भरत बसत नाही.

आता गंमत अशी की आमच्याकडे मोजले जायचे ते फक्त फॉर्म. वेबसाइटवर नाव-पत्ता भरून 'पाठवा' दाबलं आणि धन्यवादाचं पान उघडलं, की एक गिऱ्हाईक नोंदलं जायचं. फोन मोजायची सोय लावायची राहून गेली होती. मी दोनदा आठवण करून दिली होती. साहेब म्हणाले होते, नंतर बघू. आमच्याकडे 'नंतर' हा एक मोठा विभाग होता आणि त्यात सगळी महत्त्वाची कामं जमा व्हायची.

एका सोमवारी साहेब कुठलंसं ट्रेनिंग करून आले. दोन दिवसांत माणूस इतका बिघडू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. काकांच्या जाहिरातीचे आकडे त्यांनी मोबाईल आणि कॉम्प्युटर असे वेगळे केले, मग दिवसाच्या तासांप्रमाणे चिरले आणि चौकोनांची एक रंगीत गोधडी पडद्यावर लावली. मोबाईलचा सकाळचा पट्टा लालभडक. क्लिक भरपूर, फॉर्म शून्य. कॉम्प्युटरचा दुपारचा पट्टा हिरवागार. क्लिक थोडे, पण त्यांतून फॉर्म येत होते. सगळे मिळून बोटांवर मोजण्याइतके फॉर्म. एवढे थोडे आकडे इतक्या चौकोनांत वाटले की एखाद्या चौकोनात एक जरी पडला तरी तो हिरवा होतो, एवढी साधी गोष्ट त्यांना दिसली नाही.

साहेबांनी अर्थ लावला. सकाळी मोबाईलवर येतात ते टाइमपास लोक. खरा निर्णय घेणारा दुपारी ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर शांतपणे बसलेला असतो. मी म्हटलं, सर, सकाळचे लोक फोन करतात, तो आपण मोजतच नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की जणू मी जाहिरातीच्या धंद्यात नाही, पापड लाटायच्या धंद्यात आहे. पापड लाटणाऱ्या बाईलाही पापड किती वेळ वाळवायचा ते कळतं, ही गोष्ट वेगळी.

"डेटामध्ये नाही ना, मग तो नाही," ते म्हणाले.

आणि त्यांनी बोल्या बदलल्या. या जाहिरातींत प्रत्येक शोधाच्या वेळी जागेचा लिलाव होतो आणि आपली बोली कमी पडली की जाहिरात दिसत नाही, एवढाच त्यातला हिशेब. काकांची बोली आम्ही हाताने लावत होतो. साहेबांनी मोबाईलवर ती सत्तर टक्क्यांनी उतरवली आणि सकाळच्या तासांना वरून आणखी पन्नास टक्क्यांनी. या दोन कपाती एकमेकींशी गुणल्या जातात. शंभराची बोली मोबाईलवर तीस झाली आणि सकाळी त्या तीसची पंधरा. पंधराला लिलावात कोण विचारतो? उलट दुपारी कॉम्प्युटरवर शंभराची एकशेऐंशीच्या वर गेली. म्हणजे ज्याच्या डोक्याला साबण होता त्याला काका दिसेनासे झाले आणि जो खुर्चीत बसून जांभया देत होता त्याच्यासमोर काका पहिल्या नंबरवर.

काकांचा फोन गप्प झाला. आधी त्यांना वाटलं फोनच बिघडला. त्यांनी तो दुरुस्तीला टाकला, मग सिम बदललं, मग मुलीला दुसऱ्या खोलीतून नंबर लावून बघायला सांगितलं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला साहेबांचा इतका राग आला की मी जागेवरून उठून पाणी प्यायला गेले. एक माणूस आपला धंदा बसला म्हणून फोन उघडून बघतोय आणि इथे त्याच्या नावाने हिरवे चौकोन वाढताहेत.

कारण फॉर्म खरोखरच वाढले होते. महिन्याच्या रिपोर्टात साहेबांनी ते मोठ्या अक्षरांत छापले. काका बिचारे प्रत्येक फॉर्ममागे धावत होते. पंपरूममध्ये उतरायचे, मोटर बघायची, पाइप मोजायचा, घरी येऊन लेटरहेडवर कोटेशन करायचं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत फिरून आले. काम एकही मिळालं नाही. पुढच्या महिन्यात मला म्हणाले,

"मॅडम, असंच चाललं तर माझा एक माणूस मला कमी करावा लागेल. जो जाईल तो कारखान्यापासून माझ्याबरोबर आहे. त्याला मी काय सांगू, कोटेशन भरपूर आहेत म्हणून?"

त्या दुपारी मी जेवण बाजूला ठेवून फॉर्म भरणाऱ्यांना एकेक करून फोन लावले. पहिल्याच सोसायटीच्या मॅनेजरने बोलता बोलता सगळं उलगडून दिलं. सोसायटीचं काम द्यायचं तर कमिटीपुढे तीन कोटेशन लागतात. काम कोणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं, बहुतेक तो नेहमीचा प्लंबर. बाकीची दोन फाइलीला जोडायला हवी असतात. मग मॅनेजर दुपारी जेवून आला की सोसायटीच्या कॉम्प्युटरवर बसतो आणि जो वर दिसेल त्याचा फॉर्म भरून टाकतो. दुसऱ्याने हेच सांगितलं. तिसऱ्यानेही तेच सांगितलं, फक्त त्याला जरा लाज वाटत होती. आम्ही काकांचे पैसे ओतून त्यांना मुंबईभर तिसरं कोटेशन म्हणून फिरवत होतो.

पाचवा की सहावा फोन मुलुंडच्या एका सोसायटीत लागला. मॅनेजर गप्पिष्ट होता. म्हणाला, काम तर केव्हाच दिलं हो, आमचे सेक्रेटरीच म्हणाले होते, दोन कोटेशन कुठून तरी मागव आणि लावून टाक. मी पत्ता पुन्हा विचारला. इमारतीचं नाव ओळखीचं होतं. दरवर्षी दिवाळीला साहेबांच्या घरी फराळाला आम्ही त्याच गेटमधून आत जायचो आणि सेक्रेटरीपदाचा त्यांचा रुबाब तिथल्या वॉचमनसमोर बघायचो.

मी हसले नाही. हसायला पाहिजे होतं, पण काकांचा तो फिटर डोक्यातून जात नव्हता. मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. फोनवर जे ऐकलं ते एकामागून एक सांगितलं आणि शेवटी पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"सर, हा हिरवा चौकोन तुमचा आहे. तुमच्या सोसायटीचा."

माणूस जरा तरी ओशाळेल असं मला वाटलं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले की लीडची, म्हणजे आलेल्या चौकशीची, क्वालिटी हा क्लायंटचा प्रश्न असतो, आपलं काम लीड आणणं. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, तुला एवढं वाटतंय तर एक महिना तुझ्या पद्धतीने कर, पण रिपोर्ट लाल आला तर उत्तर तू द्यायचं. नाकाने कांदे सोलणारा माणूस कांदा सडका निघाला तरी सोलतच राहतो, हे मी तिथे शिकले.

मी आधी फोन मोजायची सोय लावली. पानावरचा नंबर म्हणजे नुसतं चित्र होतं, तो दाबता येईल असा केला आणि त्यावर बोट पडलं की नोंद होईल असं केलं. जाहिरातीतून थेट लागणारे फोनही मोजायला लावले. साहेबांच्या सगळ्या कपाती काढून टाकल्या आणि बोली सगळीकडे सारखी ठेवली, कारण आधी मोजू दे, मग कापायचं काय ते बघू. काही आठवड्यांनी मोबाईलचा सकाळचा पट्टा आपोआप भरला. मग मी तिथे बोली थोडी वाढवली आणि दुपारच्या कॉम्प्युटरची उतरवली. फार नाही, आकडे बोलतील तेवढीच.

काकांचा फोन पुन्हा वाजायला लागला. पण फिटर गेला होता. मी चौकोनांशी झटत होते त्याच दिवसांत काकांनी त्याला दुकानात बसवून चहा पाजला आणि सांगितलं. ठाण्याला कुठल्याशा टॉवरमध्ये त्याला मेंटेनन्सची नोकरी मिळाली. काम वाढल्यावर काकांनी बोलावणं पाठवलं तर म्हणाला, आता पुन्हा सोडवत नाही. आता काका स्वतः हत्यारांची पिशवी घेऊन पंपरूममध्ये उतरतात. गुडघे दुखतात, पण उतरतात.

साहेबांनी माझा चौकोनांचा तक्ता नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला सुरुवात केली. आधी लाल, नंतर हिरवा. खाली लिहिलं होतं, आमची पद्धत. अकलेचे तारे तोडणाऱ्याला आभाळ कमी पडत नाही.

मग एके दिवशी साहेब उशिरा ऑफिसला आले, केस ओले, शर्टाची बटणं खालीवर. सकाळी त्यांच्या सोसायटीचा पंप जळला होता. त्या नेहमीच्या प्लंबरने फोन उचलला नाही. साहेब पंपरूमच्या दारात उभे राहिले, मोबाईलवर शोधलं, आणि वर आपलेच काका दिसले. लगेच फोन लावला. कोटेशन एकही मागवलं नाही, तीन तर लांबच. काका गेले, पंप सुरू करून दिला. मी तक्ता उघडून बघितला. मोबाईल, सकाळी सात ते आठ, एक नोंद.

मला वाटलं, आता तरी. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"तास लावला यायला. बाकीची माणसं दुसऱ्या कामावर होती म्हणे, म्हणून म्हातारा एकटाच आला. सकाळच्या वेळेला गिऱ्हाईक असतं, हे कळत नाही का यांना? एक माणूस जास्त ठेवायला काय जातं?"