मंदावलेल्या दिव्याची चिठ्ठी

तेव्हा मी अकोल्याच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होतो. तेलाचं तूप करताना निकेलची भुकटी घालत आणि शेवटी कापडाच्या गाळणीतून ती काढत. निकेल मागे उरलं का, ते आम्ही कलरीमीटरवर बघायचो. आधी निकेल नसलेला कोरा नमुना लावून काटा शंभरावर आणायचा. मग तुपाच्या नमुन्याला रंग आणायचा, त्यातून दिव्याचा उजेड सोडायचा. पलीकडे किती पोचला ते फोटोसेल टिपे आणि काटा दाखवी.

एका सकाळी पाळीवर आलो, तर साहेब गाळणीवरच्या म्हाताऱ्या काकांवर तुटून पडलेले. रात्रीच्या अहवालात निकेल निघालं होतं. कापड फाटलं ते यानं लपवलं, याला आजच घरी पाठवा! काका म्हणत होते, "कापड धड हाये जी साहेब. तुमीच येऊन पाहा." पाहायला कोण जातो?

टेबलावर रात्रपाळीच्या जोडीदाराची चिठ्ठी होती. तो अकोटचा, माझ्याच वयाचा, लवकरच कायम व्हायचा होता. लिहिलं होतं: 'यंत्राचा दिवा मंदावत आहे. कोरा नमुना ठेवून काटा शंभरावर आणला तरी हळूहळू उतरतो. विजेचा दाब पाहिला, स्थिर आहे. काचनळ्या पुसून, बदलून पाहिल्या. फोटोसेल झाकून विश्रांती दिली, फरक नाही. दिव्याची काच काळवंडली आहे. जादा दिवा शिल्लक नाही. प्रत्येक मापाच्या आधी आणि नंतर कोरा नमुना लावावा. हे अहवाल गेल्यावर लक्षात आलं. माझे आकडे जास्त आले असावेत, पुन्हा मोजावेत.'

बरोबरच होतं. उजेड कमी पोचला की यंत्राला रंगच गडद वाटतो, म्हणजे निकेल जास्त. त्यानं सांगितलं तसं मोजलं. निकेल नावालाही नव्हतं. आकडे साहेबांपुढे ठेवले. "बरं, राहू दे म्हाताऱ्याले," ते कुरकुरत म्हणाले.

तिथंच गप बसायचं ना! पण माझं डोकं तापलेलं. "माणसाले बोलायच्या आधी हे वाचा तरी!" म्हणत मी चिठ्ठी त्यांच्यापुढे आपटली.

त्यांनी वाचली. "म्हणजे बिघडल्या यंत्रावर अहवाल दिला, अन् वरून लिहूनही ठेवलं?"

"साहेब, त्याले मागून समजलं..." मी म्हणत राहिलो. चिठ्ठी त्यांच्या खिशात गेली होती.

तो कायम झालाच नाही. महिना भरताच त्याला काढलं. काकांनी मला हात जोडले, तेव्हा लाजेनं मान वर होईना. पुढं आमच्याकडे पाळी बदलताना सगळेच 'यंत्र ठीक' एवढंच लिहू लागले. मीही.

जोडीदार गावी निघाला, त्या दिवशी त्याला सोडायला एस्टी स्टँडवर गेलो. मी म्हणालो, "माहं चुकलं बे. आकडे दाखवले तेवढ्यावरच भागलं होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पेटी उचलत म्हणाला, "चिठ्ठी तुह्यासाठी लिवली होती ना बे."