मेन्टेनन्स दोनदा भरला त्याची गोष्ट

मास्तरांनी उभी हयात लोकांना गाडी चालवायला शिकवली. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, आता घरच्या माणसालाही शिकवावं, आणि तिथेच घोटाळा झाला. सिस्टरांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिसऱ्याच दिवशी गाडी सोसायटीच्या गेटला घासली. मास्तर वॉचमनच्या देखत म्हणाले, "असा विद्यार्थी मला जन्मात भेटला नाही!"

सिस्टर खाली उतरल्या, दार धाडकन लावलं आणि अबोला धरला. हॉस्पिटलात भल्याभल्या डॉक्टरांना गप्प बसवलेली बाई ती. मग मास्तर पंख्याशी बोलू लागले आणि सिस्टर कुकरशी.

"चहा मिळाला असता तर बरं झालं असतं," मास्तर पंख्याला सांगत.

"पातेलं कुठे असतं ते ज्याला माहीत नाही, त्याने वाट बघावी," असं कुकरला ऐकावं लागे.

एरवी मास्तर आठवण करून द्यायचे आणि सिस्टर मोबाइलवरून तिमाहीचा मेन्टेनन्स भरायच्या. या वेळी विचारणार कोण? ही रागात भरायची नाही आणि व्याज चढेल, या धास्तीने मास्तरांनी आपल्या खात्यातून रक्कम पाठवली. यांना कधी जमलंय का, असं म्हणत सिस्टरांनी आदल्याच दिवशी आपल्या खात्यातून पाठवली होती.

भानगड उघडी पडली ती पावतीमुळे. खजिनदार म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांनी एकच पावती पाठवली आणि खाली लिहिलं, "तेवढीच आणखी एक रक्कम जमा दिसते. फ्लॅट नंबर नाही. तुमचीच का?"

दुसरी रक्कम सिस्टरांचीच, हे ओळखून मास्तर दवाखान्यात गेले. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते.

"पुढच्या बिलात वळती करून टाका," मास्तर म्हणाले.

"तोंडी नाही चालत, ऑडिटर माझे दात मोजेल," डॉक्टर म्हणाले. "पत्र द्या. दोन्ही ट्रान्स्फरच्या तारखा, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि पैसे कुठल्या खात्यांतून आले ते. दोन्ही खात्यांचे उतारे जोडा. परत हवे असतील तर कमिटीपुढे ठेवावं लागेल. वळते करायचे असतील तर पत्र पुरे."

मास्तरांनी घरी येऊन झोकात पत्र लिहिलं. 'मा. खजिनदार यांस, विषय: दोनदा भरलेला मेन्टेनन्स पुढील बिलात वळता करणेबाबत. माझ्या पत्नीने चुकून दुसऱ्यांदा रक्कम भरल्याने...' आणि इथे गाडी अडली. सिस्टरांचा व्यवहार क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये. मास्तरांनी कागद ओट्यावर ठेवला आणि पंख्याकडे बघत राहिले.

सिस्टरांनी वाचला. कुकरची शिट्टी झाली, पण बोलल्या त्या थेट नवऱ्याशीच.

"चुकून? मी? अहो, तारीख बघा माझी! आदल्या दिवशीची आहे. चुकून तुम्ही भरलेत!"

"अगं, मला कसं कळणार तू भरलेस ते?"

"विचारायचं!"

"कुणाला? कुकरला?"

सिस्टरांना हसू आलं. त्यांनी ते पदराआड दडवलं, पण दडलं नाही. मग दोघं टेबलाशी बसली. 'चुकून' या एका शब्दावर चांगलाच खल झाला. मास्तरांना तो सिस्टरांच्या नावापुढे हवा, सिस्टरांना मास्तरांच्या. दोन कागद चुरगळले. अखेर सिस्टरांनी पेन हिसकावून लिहिलं: 'आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता ही रक्कम आपापल्या खात्यातून भरली. तरी नंतर जमा झालेली रक्कम आगाऊ भरणा समजून पुढील तिमाहीच्या बिलात वळती करावी.' खाली दोघांच्या सह्या.

संध्याकाळी दोघं मिळून पत्र द्यायला गेली. डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं. 'एकमेकांना न विचारता' पाशी ते थांबले.

"कारण लिहायची गरज नव्हती हो."

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "फाइलला असू दे."

खुर्चीतल्या पेशंटबाई तोंडात कापूस असताना हसू लागल्या, म्हणून डॉक्टरांना यंत्र बंद ठेवावं लागलं. त्यांनी क्रमांक बँकेच्या नोंदींशी ताडून बघितले, पत्रावर 'मिळाले' असं लिहून सही केली आणि झेरॉक्स मास्तरांच्या हातात ठेवली.

पुढचं बिल आलं. एकूण रकमेखाली 'आगाऊ जमा वजा' आणि शेवटी देणं शून्य. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे ही तिमाही आपण फुकट राहतोय!"

मास्तरांनी तसं नसतं हे समजावायचा प्रयत्न केला, पण मध्येच त्यांनाही ते पटायला लागलं. त्याच आनंदात दोघांनी मेन्टेनन्सपेक्षा महाग गादी घरी आणली. ती दारातून आत जाईना. एका बाजूने मास्तर "डावीकडे घे" ओरडत होते, दुसऱ्या बाजूने सिस्टर "उजवीकडे", आणि सगळा मजला दारं उघडून ऐकत होता.