आबांच्या नातीचा "स"

सारिकाला गावात सर्जेराव आबांची सून म्हणूनच ओळखतात. मी तिची शेजारीण. मला मात्र तिची गोष्ट तिच्या लेकीच्या जिभेपासून सांगावी लागते, कारण गेलं वर्षभर या बाईला दुसरं काही सुचलेलंच नाही.

समृद्धी पाच वर्षांची. "स" म्हणताना तिची जीभ दातांतून बाहेर यायची आणि "थ" ऐकू यायचा. आबांना त्याचं भारी कौतुक. दारात कुणी आलं की सुरू, "आजोबाचं नाव सांग गं!" पोरगी "थर्जेराव" म्हणायची आणि पाहुणे पोट धरून हसायचे. एवढाल्या माणसांना लाज कशी वाटत नव्हती, देव जाणे.

सारिकानं तिला दौंडला डॉक्टरबाईंना दाखवलं. ऐकू नीट येत होतं. "या वयात बऱ्याच मुलांचं असं होतं," बाई म्हणाल्या. "रागावू नका, चिडवू नका. घरी थोडा वेळ खेळत शिकवा. काही महिन्यांत फरक नाही पडला, तर स्पीच थेरपिस्टकडे जाऊ."

मग सारिका झेंडूच्या वाफ्यात साप झाली. दात म्हणजे दार, दार लावायचं, जीभ आत कोंडायची आणि "स्स्स" करत एकमेकींच्या मागं धावायचं. कधी आरशासमोर तोच खेळ. पोरीनं "थाखर" मागितली, तर ही टोकायची नाही, "साखर हवी? घे साखर," एवढंच म्हणायची. आधी नुसता "स" आला, मग "सा", मग "साप". एक दिवस पोरगी "सर्जेराव" म्हणाली, तेव्हा सारिका रडतच माझ्याकडं धावत आली.

त्याच महिन्यात आबा गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन झाले. मांडवात सत्कार, फेटे, माईक. आबांनी नातीला वर उचललं.

"आजोबाचं नाव सांग!"

"सर्जेराव." अगदी लख्ख.

कुणीच हसलं नाही. आबांचा चेहरा उतरला. "आगं तसं न्हाई, पहिल्यावानी म्हण की!"

पोरीनं सगळ्यांकडं पाहिलं, जीभ दातांतून बाहेर काढली आणि "थर्जेराव" म्हणाली. मांडवात हशा पिकला. आबांनी तिला खांद्यावर घेतलं. मला तर तो माईक त्यांच्या हातून हिसकावून घ्यावासा वाटला.

त्यानंतर पोरीला ना साप हवा, ना आरसा. "आबा हथत न्हाईत मग," ती म्हणायची. सारिकानं सासऱ्यांना हात जोडले. ते म्हणाले, "सूनबाई, लेकराचं कौतुक बी करू नये व्हय?" नवरा सत्यजीत कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टवर, आणि घरी असला तरी बापापुढं मान खाली. शेवटी थेरपिस्ट गाठली. ती म्हणाली, "उच्चार तिला येतो. घरच्यांनी हसणं थांबवायला हवं. आजोबांना घेऊन या."

"माझी नात काय मुकी हाय?" आबा म्हणाले, आणि गेले नाहीत.

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात मॅडमनी नाव विचारलं. समृद्धीनं आईची ओढणी ओढली.

"आई, कथं थांगू? आबांना आवडतं तथं का तुला आवडतं तथं?"

"तुला हवं तसं सांग बाळा."

पोरीला तेच कळेना. तिनं खाली मान घालून दातांचं दार लावून घेतलं.