दादांचा रस्ता आणि माझा लूप

आधीच कबूल करते, चूक माझी होती. आणि ती करताना मी भयंकर खूश होते.

आमचं ऑफिस महाडला, एका झेरॉक्सच्या दुकानावर. माणसं तीनच. मॅडम, ज्यांनी कॉलेजातली नोकरी सोडून हे सगळं सुरू केलं. दादा, आधी कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर सेन्सर बसवतात. आणि मी, कोडवाली. टाकीत पाणी किती, पंप चालू का बंद, हे पाणी समितीच्या मोबाइलवर पाठवायचं एवढंच आमचं काम. मुंबईतले गाववालेपण ते मेसेज बघतात आणि तिकडून फोन करून ओरडतात, "अरे टाकी भरून वाहतेय, झोपलात काय?"

प्रत्येक गावासाठी क्लाउडवर एक डेटाबेस आणि एक अलार्म लागतो. हे कोणी क्लिक करत बसत नाही, लिहून ठेवतात. टूल ते वाचतं, जे नसेल ते उभं करतं, नको असेल ते पाडतं. आमच्याकडे ते साध्या फाइलीत होतं. काय कसं असायला हवं एवढंच लिहायचं, बाकी टूल बघून घेतं. एका गावाला एक तुकडा. एकोणीस गावं, एकोणीस तुकडे, सगळे एकसारखे, फक्त नाव वेगळं. नवीन गाव आलं की दादा शेजारचा तुकडा कॉपी करायचे, नाव बदलायचे, चहाला जायचे.

मला ते बघवायचं नाही. अहो, एकच गोष्ट एकोणीस वेळा! एक सेटिंग बदलायचं तर एकोणीस ठिकाणी! त्यात मधेमधे दादांचे शेरे, जे टूल वाचतच नाही: "कुत्रं हाय, हॉर्न दे", "चावी किराणावाल्या वहिनीकडे". ही काय फाइल झाली का? ही तर वही!

मग मी ते सगळं पायथनमध्ये, म्हणजे खऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, लिहिलं. आठ दिवस लागले. गावांची एक यादी, तिच्यावर एकेक नाव घेत फिरणारा एक लूप, गावाचा साचा असलेला एक सुंदर क्लास, त्या क्लासचा बाप असलेला अजून एक क्लास. वर टेस्टसुद्धा! अलार्म नसलेलं गाव कोणी घुसवलं तर टेस्ट लाल होणार. हजारभर ओळींच्या दोनशे झाल्या. मी मॅडमना स्क्रीन दाखवली.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हे वाचणार कोण?"

"मी आहे ना!"

दादा मागून डोकावले. "नि माझा कुत्रा कुठं गेला?"

"दादा, यादीत नाव टाकलं की बास. एक ओळ! बाकी मशीन करतं."

"एक ओळ," दादा म्हणाले, जसं काय मी त्यांना लॉटरीचं तिकीट विकत होते.

पुढं भाताची लावणी आली. आमचं गाव कापडे, आणि लावणीला घरात नसलेल्या माणसाचं नाव वर्षभर निघतं. चार दिवसांची रजा टाकून मी चिखलात उतरले. शेतात रेंज नाही, फोन घरी डब्यात. म्हणजे "मी आहे ना" म्हणणारी मी कुठंच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर दादांची मोटरसायकल. अंगावर रेनकोट, आणि लॅपटॉप खताच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी.

"अगो बाहेर ये! उद्या सकाळी तुडीलच्या टाकीचं उद्घाटन हाय. सरपंच बटण दाबणार नि सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायचाय."

"मग टाका ना यादीत नाव!"

"टाकलं. एक नाव टाकलं, नि तुझं मशीन सोळा गावं पाडायला निघालंय."

माझे काका मागून खो खो हसले. ते आमच्या गावच्या पाणी समितीवर आहेत. "आमची टाकी ठेव गो पोरी, मग पायजे ते पाड!"

रेंज मिळते मारुतीच्या देवळाच्या पायरीवर. तिथं जाऊन बसलो, माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, लॅपटॉप दादांच्या मांडीवर. प्रिव्ह्यू चालवला. प्रिव्ह्यू म्हणजे काही करण्याआधी टूल सांगतं की मी काय काय करणार. डेटाबेसच्या ओळी बघितल्या. नवीन, एक. पाडून नव्याने बांधणार, सोळा. सोळा गावांची पाण्याची सगळी जुनी नोंद रिकामी झाली असती. उन्हाळ्यात टँकर मागायचा तर समित्या हीच नोंद पुढं करतात. सोळांत शेवटचं गाव कापडे. काका पायरीखाली उभेच.

यादी उघडली. तुडील चौथ्या नंबरावर.

"दादा, मध्ये का घातलंत? शेवटी टाकायचं ना!"

"शेवटी कसं टाकू? मी वीर गावापासून सुरवात करतो, मग नदीकडेनं खाली, तुडील चौथं येतं. कापडे शेवटला. फाइल कायम रस्त्याच्या हिशेबानं लावलेली हाय. तीन वर्षं असंच करतोय, कधी काय झालं नाय."

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. जुन्या फाइलीत तुकडे कसेही लावा, फरक पडत नाही. प्रत्येक तुकड्याला गावाचं नाव, टूल नावाने ओळखणार. मी शहाणीने लूपमध्ये नावाऐवजी नंबर दिले होते, टाकी-एक, टाकी-दोन. तुडील चौथं घुसलं तसं खालचं प्रत्येक गाव एक घर खाली सरकलं. टूलला वाटलं, चौथी टाकी आता दुसऱ्याच गावाची, मग जुनी पाडा, नवी बांधा. जुन्या तुकड्यांत "हा डेटाबेस पाडायचा नाही" अशी एक ओळ होती. तीपण मी सफाईत उडवली होती. आणि माझ्या लाडक्या टेस्ट? सगळ्या हिरव्यागार. रस्त्याचा क्रम कोणी तपासायला सांगितलाच नव्हता.

"पण तुम्ही 'हो' दाबलं नाहीत," मी म्हणाले.

"इलेक्ट्रिशियन हाय मी. टेस्टर लावल्याशिवाय वायरीला हात लावत नाय. तुझा क्लास नि त्याचा बाप मला कळला नाय, पण सोळाचा आकडा कळला."

तुडील शेवटी नेलं. परत प्रिव्ह्यू. नवीन एक, बाकी कशाला हात नाही. दादांनीच "हो" टाइप केलं, एका बोटाने. सकाळी सरपंचांनी बटण दाबलं, मेसेज गेला, आणि मुंबईहून पहिला फोन आला की मेसेजमध्ये सरपंचांचं नाव का नाही.

महाडला परतल्यावर मी भांडले नाही असं नाही. नंबरांऐवजी नावं दिली की लूपपण बरोबर चालतो, आणि साध्या फाइलीतसुद्धा नंबर लावून हाच गाढवपणा करता येतो. हे मी मॅडमना पटवलं, त्यांना पटलंही. मग त्या म्हणाल्या, "मान्य. पण तू पुढच्या लावणीला कुठं असणार?"

कापड्याला. चिखलात.

म्हणून परत फाइली. आहे ते न पाडता नव्या हिशेबात ओढून घ्यायला तीन दिवस लागले. सारखी असलेली सेटिंग्ज एका जागी बांधली, गावाच्या तुकड्यात आता फक्त नाव आणि दोन आकडे. "पाडायचं नाही"वाली ओळ परत आली, दादांचे शेरेपण. टेस्ट गेल्या. त्या मला अजून आठवतात, खोटं का बोलू. तिघांऐवजी आम्ही दहा कोडवाले असतो तर मी पायथनसाठी उपोषणाला बसले असते.

यंदाच्या लावणीत दादांनी एकट्याने दोन गावं चढवली. एकही फोन नाही, बांधावर मोटरसायकल नाही. मला तर जरा वाईटच वाटलं. परत आल्यावर फाइल उघडली. दोन्ही गावं बरोब्बर रस्त्याच्या मध्ये. कुत्रा जागेवर, वहिनींची चावी जागेवर. आणि सगळ्यात खाली, कापड्याच्या तुकड्यावर एक नवीन शेरा:

"पोरगी शेतात हाय. बोलवू नये."