खगेश्वरीचं वय

पोखऱ्याच्या बँकेत खगेश्वरी बराल शुक्रवारी दुपारी पोहोचली, तेव्हा काउंटरवरची अस्मिता म्हणाली, "आमा, पैसे निघणार नाहीत. तुम्ही अल्पवयीन आहात."

खगेश्वरीला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "नानी, अगं पोरी, मला सहा नातवंडं आहेत."

"संगणकात तेरा वर्षं दाखवतंय. पालकाची सही लागेल, आई किंवा वडिलांची."

दोघांना जाऊन तीस वर्षं झाली होती. बँकांचं विलीनीकरण झालं, तेव्हा सगळ्यांचे फॉर्म नव्याने भरले होते. तिचा जन्म नेपाळात चालणाऱ्या विक्रम संवताप्रमाणे २०१२ चा, मंसीर महिन्यातला. कुणीतरी तो आकडा इसवी सनाच्या रकान्यात टाकला आणि एका फटक्यात तिची सत्तावन्न वर्षं गिळली.

तिकडे तिचा नवरा दंडपाणी मोडलेल्या खुब्याने इस्पितळात कण्हत होता. सकाळी शेणावरून घसरला होता. संध्याकाळपर्यंत अनामत भरली, तरच डॉक्टर शनिवारी शस्त्रक्रिया करणार होते. नंतर ते आठवडाभर नव्हते, आणि म्हाताऱ्याला इतके दिवस पडून राहू देऊ नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. जपानातली मुलगी फोन उचलत नव्हती.

"अर्ज द्या," अस्मिता म्हणाली. "नागरिकतेचं मूळ कार्ड आणि त्याची प्रत जोडा. मंजुरी मात्र काठमांडूहून येते."

खगेश्वरी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. तिने एकेक अक्षर जोडत लिहिलं: 'शाखा व्यवस्थापक महोदय, माझा जन्म संवतातला, तुम्ही तो इसवीत लिहिला. नागरिकतेचं कार्ड पाहावं. नवरा इस्पितळात आहे. माझं वय मला परत द्यावं.' खाली सही, शेजारी दोन्ही अंगठे.

व्यवस्थापकाने अर्ज वाचला, कार्डाशी ताडला, काठमांडूला पाठवला. फोनही केला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "उद्या शनिवारची सुट्टी. रविवारी कचेरी उघडली की होईल, आमा. माझ्या हातात असतं तर..."

"तर काय, बाबु? तेवढ्यात मी वयात येईन?"

तिचा हात गळ्याकडे गेला. पोते नावाच्या हिरव्या मण्यांच्या माळेत सोन्याची तिलहरी होती, तिथलं मंगळसूत्रच. लग्नात दंडपाणीने घातलेली, नवरा जिवंत असेपर्यंत उतरवायची नसते ती. बाई ती केव्हा काढते, हे पोखऱ्यात सगळ्यांना ठाऊक. ती रडत रडत सोनाराकडे गेली. त्यानेही आधी कपाळावरचं कुंकू पाहिलं, मगच तराजू काढला.

शनिवारी शस्त्रक्रिया झाली. रविवारी ती दंडपाणीच्या उशाशी बसलेली असताना अस्मिताचा फोन आला. "झालं, आमा. तारीख दुरुस्त झाली. आता तुम्ही सत्तर वर्षांच्या."

खगेश्वरीने फोन ठेवला. फोनच्या आवाजाने दंडपाणी जागा झाला. औषधाची गुंगी अजून होतीच. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग उघड्या गळ्याकडे.

"बूढी," त्याने हळूच विचारलं, "मी कधी गेलो गं?"